पाच आठवडे आडवी रेघ: क्लायंटला धाडलेला मेसेज बरोबर होता का?

डंबेलवाला (धागालेखक)

नमस्कार मंडळी. सात वर्षं पर्सनल ट्रेनिंग करतोय. एका क्लायंटला परवा रात्री लांबलचक मेसेज पाठवला आणि तेव्हापासून मनात किडा वळवळतोय की मी तिला खरं सांगितलं की नुसतं गोड सांगितलं. तिची परवानगी घेऊन इथे टाकतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. वय ४३, सुरुवातीचं वजन ८२.० किलो. नवव्या आठवड्याअखेर ७६.२. त्यानंतर आठवड्याची सरासरी अशी: दहावा ७६.२, अकरावा ७६.४, बारावा ७६.१, तेरावा ७६.५, चौदावा ७६.४. एकही सेशन चुकवलेलं नाही, जेवणाची नोंद रोजची. रविवारी रात्री साडेअकराला चार्टचा स्क्रीनशॉट आला आणि खाली एकच ओळ: "सर, उद्यापासून जेवण अर्धं करू का?"

मी लिहिलं ते असं:

> ताई, चार्ट पाहिला. जेवण अर्धं करू नका. उद्या सकाळी काहीच बदलू नका, आधी हे वाचा.
>
> रेघ आडवी झाली म्हणजे चरबी उतरायची थांबली, असं तुम्ही धरून चाललात. पण काट्याला चरबी वेगळी कळत नाही. पाणी, पोटातलं अन्न, स्नायूत साठलेली साखर आणि तिच्यासोबत बांधलेलं पाणी, सगळं एकाच आकड्यात येतं. गेल्या गुरुवारी तुम्ही ७६.० होतात आणि शुक्रवारी ७६.९. नऊशे ग्रॅम चरबी एका रात्रीत चढायची तर जवळजवळ सात हजार कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतील. तुम्ही त्या खाल्ल्या नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे. ते पाणी होतं.
>
> सुरुवातीला हेच पाणी आपल्या बाजूने होतं. पहिल्या पंधरवड्यात २.६ किलो उतरले आणि तुम्ही मला पेढ्यांचे इमोजी पाठवलेत. त्यातली चरबी एक किलोच्या आतबाहेर असेल, बाकी पाणी. तेव्हा मी ते बोललो नाही, बोलायला हवं होतं. कारण त्या घसरगुंडीची सवय डोळ्यांना लागली आणि आता साधा उतारसुद्धा सपाट वाटतो.
>
> आता हिशेब. आपण सुरू केलं तेव्हा रोजची तूट ५०० कॅलरींच्या आसपास होती. आज तेवढी नाही. शरीर जवळपास सहा किलोंनी हलकं झालं, त्याला चालवायला खर्च कमी लागतो, तिथे साधारण १४० गेल्या. दुसरं म्हणजे तुमची पावलं. पहिल्या दोन महिन्यांत रोज ९,००० होती, गेल्या महिन्यात ६,५०० च्या आसपास आहेत. तिथे आणखी ७०. उरल्या २९०. म्हणजे दिवसाला ३८ ग्रॅम चरबी. आणि तुमचं वजन एरवीच दिवसाला पाचशे ते नऊशे ग्रॅम वरखाली होतं. एवढ्या लाटांत ३८ ग्रॅमचा उतार दिसायला कित्येक आठवडे लागतात.
>
> त्यात दहाव्या आठवड्यापासून मी पायांचे दोन दिवस वाढवले, स्क्वॉटला वजन चढवलं. नवा ताण पडला की स्नायू सुजतात, पाणी धरून ठेवतात. दोन दिवस जिना उतरताना मांड्या बोलत होत्या ना, ते हेच. चरबी जाते, तिच्या जागी पाणी येऊन बसतं, काटा म्हणतो काही झालं नाही.
>
> पण टेप वेगळं सांगते. दहाव्या आठवड्यात बेंबीच्या रेषेत कंबर ९१ होती, काल सकाळी ८९.५.
>
> दोन आठवडे एवढंच करा. जेवण आहे तेच. पावलं परत ९,००० वर. हा पहिला आठवडा व्यायाम हलका: वजन तेच, सेट निम्मे. काट्यावर रोज उभं राहा पण आकडा फक्त लिहा, बघायचा तो रविवारी, सात दिवसांची सरासरी म्हणून.

तिचं उत्तर आलं, "बरं वाटलं". तिथेच मला खटकलं. बरं वाटावं म्हणून लिहिलं नव्हतं. तुम्हाला यात कुठे भोक दिसतंय का?

---

निम्माशहाणा

मेसेज छान आहे पण मुख्य गोष्टच राहिली. चरबीच्या जागी मसल आला! मसल जड असतो. कंबर कमी, वजन तेच, म्हणजे सरळसरळ रिकॉम्पोझिशन. पाण्याबिण्याच्या भानगडीत न पडता ताईंना सांगून टाका की तुमचा मसल वाढला, खूश होतील.

---

शंकासूर

कोणत्या ॲपमध्ये चार्ट काढता? माझ्या ॲपमध्ये उभा अक्ष शून्यापासून शंभरपर्यंत आहे, त्यात माझी गेल्या वर्षभराची रेघ आडवीच दिसते. दहा किलो उतरवलेत तरी. ताईंचं पण असंच असेल, सेटिंग बदलायला सांगा.

---

डंबेलवाला

@शंकासूर, नाही हो, तिच्या चार्टचा अक्ष ७४ ते ८४ आहे. आकडे वर दिलेत, ते अक्षावर अवलंबून नाहीत. तुमचं सेटिंग मात्र खरंच बदला.

@निम्माशहाणा, थोडा मसल आला असेल, नाकारत नाही. पण कमी खाताना, त्रेचाळिशीत, पाच आठवड्यांत? चांगलं जमलं तर काहीशे ग्रॅम. आणि तो बरोबर चरबीइतकाच, दर आठवड्याला तोलून मापून वाढेल हे जरा जास्तच सोयीचं होतं. शिवाय "मसल वाढला" सांगितलं की क्लायंट पुढचे तीन महिने प्रत्येक आडव्या रेघेला तेच कारण लावतो.

---

काटेकोर

मी आहारतज्ज्ञ आहे, असे चार्ट रोज बघते. मेसेजमधला सूर चांगला आहे, हिशेबही बराचसा बरोबर. पण एक प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत आणि माझ्या मते तो पहिला विचारायला हवा होता. त्यांची पाळी कधी आली होती?

बाईच्या वजनात पाळीच्या आधीच्या दिवसांत अर्धा ते दोन किलो पाणी सहज चढतं आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतं. सगळ्यांना नाही, सारखंच नाही, पण इतक्या जणींना की हा तपशील नसेल तर मी चार्टवर मतच देत नाही. तुम्ही दहावा आठवडा आणि चौदावा आठवडा समोरासमोर ठेवलात. हे दोन आठवडे चक्राच्या एकाच टप्प्यावर होते का? एक पाळीनंतरचा हलका आणि दुसरा पाळीच्या तोंडावरचा जड असेल तर आडवी रेघ म्हणजे प्रत्यक्षात उतार आहे. उलटं असेल तर आडवी रेघ म्हणजे चढ. दोन्ही शक्यता चार्टवर हुबेहूब सारख्या दिसतात.

---

उपाशी बोका

कुणी बोलत कसं नाही, हा स्टार्व्हेशन मोड आहे. शरीर घाबरतं आणि चरबी सोडतच नाही. मी एकदा ९०० कॅलरींवर महिना काढला, वजन हललं नाही. मग दोन आठवडे पोटभर खाल्लं आणि उतरलं! ताईंना जास्त खायला सांगा.

---

सुरवंट

माझी गोष्ट सांगतो, राग मानू नका. माझीही अशीच आडवी रेघ होती, नऊ महिने. थायरॉइड तपासलं, नॉर्मल. तीन डॉक्टर झाले. शेवटी बायकोने माझी वही घेतली आणि म्हणाली, "शनिवार-रविवारची पानं कुठायत?" ती पानंच नव्हती. सोमवार ते शुक्रवार रोज ४०० ची तूट, म्हणजे २,००० जमा. शनिवार-रविवार रोज हजार वर, म्हणजे २,००० खर्च. नऊ महिने मी शून्यावर खेळत होतो आणि पाच दिवसांच्या प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र मिरवत होतो. माझ्यात पाणीबिणी काही नव्हतं.

ताईंचं असंच असेल असं म्हणत नाही. पण "नोंद रोजची" हे वाक्य मीही म्हणायचो.

---

डंबेलवाला

@काटेकोर, खरं सांगू? विचारलंच नव्हतं. सात वर्षं झाली तरी हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. आज विचारला. तिने लगेच तारखा पाठवल्या, मलाच उगाच अवघड वाटत होतं.

पूर्वी २८-३० दिवसांची असायची, गेल्या वर्षापासून लांबते. दहावा आठवडा म्हणजे चक्राचा सहावा ते बारावा दिवस. चौदावा आठवडा म्हणजे चौतिसावा ते चाळिसावा. पाळी अजून आलेली नाही. म्हणजे तुमची पहिली शक्यता: हलक्या आठवड्याशी जड आठवडा तोलून मी निष्कर्ष काढत बसलो.

---

काटेकोर

मग थांबा. निष्कर्ष आता काढूच नका. पाळी येऊ दे, पुढच्या चक्राच्या सातव्या दिवसाच्या आसपासचा आठवडा धरा आणि तो दहाव्याशी ताडून बघा. लांबणाऱ्या पाळीत तारखेवर विसंबता येत नाही, पाळी सुरू झाल्यापासून दिवस मोजावे लागतात.

@उपाशी बोका, तुमच्यासोबत जे घडलं ते खोटं नाही, त्याचा अर्थ वेगळा आहे. खूप कमी खाल्लं की शरीर खर्च आखडतं, हे खरंच. माणूस कमी हलतो, नकळत बसून राहतो, आणि वजनाच्या घटीवरून जेवढी अपेक्षा असते त्याहून थोडी जास्तच बचत होते. त्याने तूट लहान होते, नाहीशी होत नाही. महिनाभर कडक उपासाच्या ताणात पाणी धरलं गेलं आणि पोटभर खाल्ल्यावर सुटलं, हे जास्त संभवतं. चरबी त्या महिन्यात जात होती, तुम्हाला ती दोन आठवडे उशिरा दिसली.

केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांचं २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेलं गणित मला इथे फार उपयोगी वाटतं. आहारातून रोजच्या २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर अखेरीस साधारण एक किलो वजन उतरतं, पण त्यातलं अर्धं उतरायला वर्ष लागतं आणि ९५ टक्के उतरायला तीन वर्षं. म्हणजे शरीर नव्या आहाराशी जुळवून घेऊन खरोखर थांबतं ते फार पुढे. दहाव्या आठवड्यातच रेघ आडवी झाली तर त्याला चयापचय जबाबदार धरणं मला पटत नाही. एक तर पाणी लपवतंय, नाहीतर तोंडात जाणारं वाढलंय. किंवा दोन्ही.

---

उपाशी बोका

ठीक. पण जास्त खाल्ल्यावर उतरलं ते उतरलंच.

---

रेघोट्या

अवांतर, पण उपयोगी. आठवड्याच्या सरासरीऐवजी मी शीटमध्ये हे वापरतो. B मध्ये रोजचं वजन, C मध्ये ट्रेंड. C2 मध्ये पहिलं वजन तसंच टाकायचं, मग C3 पासून खाली ओढायचं:

```
=C2+0.1*(B3-C2)
```

आजच्या वजनाचा दहावा हिस्साच ट्रेंडमध्ये शिरतो, त्यामुळे एका जड सकाळीने रेघ हलत नाही. एकच तोटा: ही रेघ खऱ्या बदलाच्या साधारण नऊ दिवस मागे चालते. वजन उतरायला लागलं तरी आठवडाभर ती आडवीच. क्लायंटला हे आधी सांगितलं नाही तर आगीतून फुफाट्यात.

---

डंबेलवाला

दोन आठवड्यांनी परत आलो. पंधराव्या आठवड्याच्या दुसऱ्याच दिवशी पाळी आली. पंधराव्या आठवड्याची सरासरी ७५.८, सोळाव्याची ७५.३. सोळावा आठवडा म्हणजे नव्या चक्राचा सातवा ते तेरावा दिवस, दहाव्याशी जेमतेम एका दिवसाचा फरक. ७६.२ वरून ७५.३, सहा आठवड्यांत ९०० ग्रॅम. कंबर ८९.

म्हणजे मेसेज बरोबर होता असं म्हणायला हरकत नाही ना?

---

निम्माशहाणा

अभिनंदन! मी म्हटलंच होतं.

---

काटेकोर

@निम्माशहाणा, तुम्ही मसल म्हटलं होतं. वजन उतरल्यावर तो कुठे गेला? :)

@डंबेलवाला, अर्धा बरोबर. चरबी जात होती आणि लपली होती, एवढं मान्य. पण तुमचाच आकडा तपासून बघा. ९०० ग्रॅम गुणिले किलोला ७,७०० कॅलरी, भागिले ४२ दिवस. रोजची तूट येते १६५ च्या आसपास. मेसेजमध्ये तुम्ही २९० सांगितली होती. आणि शेवटचे दोन आठवडे पावलं परत ९,००० वर होती, म्हणजे अपेक्षा त्याहून वर जायला हवी.

आठवड्याच्या सरासरीतही दोन-तीनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात हे धरलं, तर खरी घट अर्ध्या किलोपासून सव्वा किलोपर्यंत काहीही असू शकते. म्हणून मी १६५ वर सही करणार नाही. पण कल खालच्या बाजूचा आहे. रोजच्या शंभरेक कॅलरी कुठेतरी गळतायत, किंवा पायांच्या व्यायामाचं पाणी अजून पूर्ण सुटलेलं नाही. एका आठवड्याच्या निम्म्या सेटने ते सगळं सुटतंच असं नाही.

@सुरवंट यांची गोष्ट इथे लागू होते, आरोप म्हणून नाही. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. डाएट करूनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्या १० जणांचं खरं खाणं मोजलं, तर त्यांनी सांगितलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला. त्यांचा चयापचय ठीक होता. तुमच्या ताईंचं प्रकरण त्याच्या जवळपासही नाही, इथे प्रश्न शंभर कॅलरींचा आहे. शंभर कॅलरी म्हणजे दोन चहाचे चमचे तेल आणि वर थोडं.

---

डंबेलवाला

हं. २९० हा आकडा मी काढला तो आधी ठरवलेल्या ५०० मधून वजाबाकी करत. मूळ ५०० च बरोबर होती का, हे तपासलंच नाही. पण पंधरवडा सोडून पुढचे सात आठवडे बघितले तर ३.२ किलो उतरलेत, म्हणजे आठवड्याला साडेचारशे ग्रॅम. ५०० शी ते जुळतं. म्हणजे तेव्हा ठीक होतं, मधेच काहीतरी सैल झालं.

तरी तुमचं पाण्याचं म्हणणं मला जास्त पटतं. स्क्वॉटला दर आठवड्याला वजन चढतंय, म्हणजे ताण नवाच राहतोय.

---

काटेकोर

पटतं की सोयीचं वाटतं? निम्माशहाण्यांना तुम्हीच हे सुनावलं होतं.

---

ताई७६

सरांनी लिंक दिली, म्हणून खातं उघडलं. मीच ती.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पावलं कमी का झाली ते कुणी विचारलं नाही. पायांच्या व्यायामानंतर दोन-तीन दिवस जिना नको वाटायचा, मी लिफ्ट घ्यायचे, दुपारचं फिरणं टाळायचे. आठवड्यात असे दोन दिवस व्यायाम, म्हणजे जवळजवळ सगळा आठवडा दुखण्यातच. व्यायाम वाढला म्हणून चालणं घटलं, आणि मला वाटत होतं मी जास्त मेहनत करतेय.

दुसरं तेलाचं. पहिले दोन महिने मी तेल वजनकाट्यावर तोलत होते. मग हात बसला असं वाटलं आणि अंदाजाने घालायला लागले. नोंद चमच्याचीच करते. कधीपासून ते नक्की आठवत नाही, नवव्या-दहाव्या आठवड्याच्या आसपास असेल.

आणि सर, "बरं वाटलं" लिहिलं तेव्हा मला पाण्याचा भाग कळलाच नव्हता. उद्या जेवण अर्धं करायचं नाही, एवढंच वाचून झोपले.

---

सुरवंट

ताई, वही दाखवायला धीर लागतो. मला नऊ महिने लागले होते.

---

डंबेलवाला

ताई, उद्यापासून फक्त तेल तोला, बाकी काही बदलायचं नाही. पायांचे दोन दिवस मी सलग न ठेवता तीन दिवसांच्या अंतराने ठेवतो आणि स्क्वॉटचं वजन महिनाभर आहे तिथेच थांबवतो.

@काटेकोर, दोन्ही एकदम बदलतोय, त्यामुळे रेघ वळली तर कशाने वळली ते सांगता येणार नाही, हे मलाही कळतंय. पण ती माझी क्लायंट आहे, माझा प्रयोग नाही.

---

काटेकोर

मान्य. मी असते तर आधी तेल, मग तीन आठवड्यांनी व्यायाम. पुढची तुलना पाळी आल्यावर सातव्या दिवसापासून करा, त्याआधी चार्ट उघडला तरी मला विचारू नका.

---

शंकासूर

सेटिंग बदललं. अक्ष ७० ते ८५ केला. रेघ आता डोंगरासारखी दिसते आणि मला रोज सकाळी धडधडतं. परत शून्य ते शंभर करतोय.